गोधडी आणि जाळी

देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका गावी आम्ही रात्रीचा वर्ग घेतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचा हा आमचा उद्योग आहे. वर्गात पंधरा-वीस मंडळी येतात. कुणी शेतकरी, कुणी मजूर, कुणी सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या बाया. अक्षरे जुळू लागली की आम्ही त्यांच्यापुढे वर्तमानपत्र ठेवतो.

मार्गशीर्ष महिना होता. एका शेतकऱ्याने बोट ठेवून बातमी वाचली. दक्षिण ध्रुवावरचे ओझोनचे भोक हळूहळू भरून येत आहे, अशी ती बातमी होती. वाचून तो खुशीत आला. म्हणाला, "गुरुजी, बरं झालं. त्या भोकातूनच जास्तीचं ऊन येत होतं ना? आता भोक बुजलं म्हंजे ऊन कमी होईल. मंग आपला उशिराचा गहू पहिल्यासारखा भरंल."

या भल्या माणसाचा गहू मागच्या साली वेळेआधीच पिवळा पडला होता. दाणा बारीक राहिला होता. म्हणून ही बातमी त्याला गोड वाटली. पण त्याची समजूत चुकीची होती. तो एकटाच चुकला असेही नाही. शिकलेसवरलेले लोकही इथे चुकतात. पृथ्वी तापणे ही एक गोष्ट आहे आणि ओझोन विरळ होणे ही दुसरी गोष्ट आहे. एकीची चांगली बातमी ही दुसरीची चांगली बातमी नव्हे. हा फरक आम्ही त्या रात्री वर्गात सांगितला. तोच इथे लिहितो.

विझलेल्या चुलीवरचा तवा

भाकरी झाल्या, चूल विझली. तवा अजून चुलीवरच आहे. तो लाल दिसत नाही, काळाच आहे. तरी तोंड जवळ नेले की धग लागते. तव्यातून डोळ्यांना न दिसणारी उष्णता बाहेर पडत असते. तिला आपण धग म्हणू.

जमीनही तशीच आहे. दिवसभर ऊन पडते. ऊन हवेतून सरळ खाली येते, कारण हवा उन्हाला फारसे अडवत नाही. ऊन जमिनीत जिरते आणि जमीन तापते. तापलेली जमीन मग तव्यासारखी धग बाहेर टाकते. ही धग वर आभाळाकडे जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी दगडी ओट्यावर बसा. सूर्य मावळलेला असतो, पण ओटा अंगाला चटका देतो. ती हीच धग.

आता एक गोष्ट तुम्ही सारे जाणता. पौष महिन्यात आभाळ स्वच्छ असले की पहाटे कडाक्याची थंडी पडते. हातपाय गारठतात. आणि रात्री ढग आले की थंडी पळते. त्याच महिन्यात, त्याच गावात, एका रात्री गोधडी पुरत नाही आणि दुसऱ्या रात्री गोधडी नकोशी वाटते. ढगाळ हवेत हरभऱ्यावर अळी वाढते, म्हणून ढग आलेले शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येतात. पण ढगांनी रात्र उबदार का होते?

रात्री तर सूर्य नसतो. म्हणजे ही ऊब वरून आलेली नवी उष्णता नव्हे. ती जमिनीचीच धग आहे. स्वच्छ रात्री ती सरळ आभाळात निघून जाते. ढगाळ रात्री ढग तिला वाटेत पकडतात आणि तिच्यातली बरीचशी खाली परत पाठवतात. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडीच झाली.

गोधडीत विस्तव नसतो. ती आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

न दिसणारी गोधडी

ढग डोळ्यांना दिसतात. पण हवेत न दिसणारी गोधडीही आहे.

हवेचे १०० भाग केले तर ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग प्राणवायू असतो. हे दोन्ही वायू धग अडवत नाहीत. उरलेल्या एका भागातही बहुतेक आर्गॉन नावाचा वायू असतो. तोही अडवत नाही. धग अडवतात ते थोडेसे वायू. पाण्याची वाफ हा त्यांत सर्वांत मोठा. त्याच्या मागोमाग कार्बन डायऑक्साइड. आम्ही त्याला सोप्या भाषेत कर्बवायू म्हणू. लाकूड, कोळसा, डिझेल जळले की हा वायू निघतो. आपल्या उच्छ्वासातूनही तो निघतो.

हे वायू धग गिळतात आणि पुन्हा बाहेर टाकतात. काही वर टाकतात, काही खाली. खाली टाकलेली धग जमिनीला परत मिळते. जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८५९ साली लंडनमध्ये नळीत वेगवेगळे वायू भरून हे मोजून पाहिले होते. म्हणजे ही गोष्ट कालपरवाची नाही.

ही गोधडी नसती तर काय झाले असते? चंद्राकडे पाहा. सूर्यापासून चंद्र आपल्याइतकाच दूर आहे. पण त्याला हवेची गोधडी नाही. तिथे दिवसा दगड उकळत्या पाण्याहून जास्त तापतो आणि रात्री शून्याखाली शंभर अंशांहून अधिक गार पडतो. आपल्या पृथ्वीची सरासरी उष्णता १५ अंशांच्या आसपास आहे. गोधडी नसती तर ती शून्याखाली १८ अंश झाली असती. नद्या, विहिरी, समुद्र सारे गोठले असते. तेव्हा गोधडी वाईट नव्हे. तिच्यामुळेच आपण जगतो. दुखणे आहे ते ती जास्त जाड होत चालल्याचे.

या गोधडीच्या कामाला शास्त्रज्ञ हरितगृह परिणाम म्हणतात. हरितगृह म्हणजे काचेचे किंवा प्लास्टिकचे घर, आपल्याकडचे पॉलिहाउस. हे नाव थोडे फसवे आहे. दुपारी पॉलिहाउसचे पडदे बंद ठेवले तर आत भट्टी होते. बाजूचे पडदे गुंडाळले की गरम हवा निघून जाते आणि आत लगेच बरे वाटते. छत मात्र जागच्या जागीच असते. याचा अर्थ, पॉलिहाउस तापते ते मुख्यतः आतली गरम हवा कोंडली गेल्यामुळे. पृथ्वीवर तसे कोंडणारे छत नाही. तिथे वायू धग गिळून परत टाकतात. नाव हरितगृहाचे पडले, पण काम गोधडीचे आहे. म्हणून आम्ही गोधडीच म्हणतो.

गोधडी जाड कशी होते

जुन्या काळी, जगात वाफेची यंत्रे आणि कारखाने वाढण्यापूर्वी, हवेच्या १०,००० भागांत कर्बवायूचे तीन भागही नव्हते. २८० भाग होते ते १० लाखांत. १९५८ साली चार्ल्स कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या डोंगरावर तो रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा १० लाखांत सुमारे ३१५ भाग भरले. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनेही सिंहगडावर असे मापन केले आहे.

वर्गातल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, दहा हजारांत चार म्हंजे काहीच नाही. एवढ्याशानं काय व्हतं?" आम्ही त्यांना निळीची आठवण दिली. बादलीभर पाण्यात निळीचे चार थेंब टाकले की सारी बादली निळी दिसते. बाकीचे पाणी रंग देत नाही, थेंबच देतात. तसे बाकीचे वायू धग अडवत नाहीत. म्हणून थोड्या कर्बवायूचे काम मोठे दिसते.

हा वायू वाढतो कसा, ते एका हिशेबाने पाहू. समजा, नांगरटीला ट्रॅक्टरने १० लिटर डिझेल खाल्ले. त्यातून सुमारे २६ किलो कर्बवायू निघतो. इथे मंडळी चमकतात. १० लिटर डिझेलचे वजन साडेआठ किलोही भरत नाही. मग २६ किलो आले कुठून? डिझेलमध्ये कर्ब असतो. जळताना तो हवेतला प्राणवायू ओढून घेतो. १२ किलो कर्ब ३२ किलो प्राणवायू घेतो आणि ४४ किलो कर्बवायू होतो. वाढीव वजन हवेतल्या प्राणवायूचे असते. कोळशाचेही असेच. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला कोळशावर वीज होते. तिथे जळणाऱ्या कोळशाहूनही निघणारा वायू वजनाने जास्त भरतो.

"मग आमच्या चुलीचं काय?" असे एकाने विचारले. बाभळीचे लाकूड जाळले की त्यातूनही कर्बवायू निघतो. पण बाभळीने तो वाढताना गेल्या दहा-पंधरा वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो. त्या जागी दुसरी बाभूळ वाढली तर ती तो पुन्हा घेईल. घेतलेले देणे फिटले, असा तो हिशेब आहे. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती बिघडते हे खरे, पण ते वेगळे दुखणे. कोळसा आणि खनिज तेल मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेले आहे. ते बाहेर काढून जाळणे म्हणजे हवेत नवी भर घालणे. त्या भरीतली निम्म्याच्या आसपास झाडे आणि समुद्र पिऊन टाकतात. उरलेली हवेतच राहते. त्यातला बराच भाग शेकडो वर्षे तिथेच असतो.

म्हणून गोधडीला दरसाल एक नवा पदर लागतो. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीची सरासरी उष्णता एक अंशाहून जास्त वाढली आहे. एक अंश ऐकायला थोडा वाटतो. पण गव्हाचे उदाहरण घ्या. दाणा भरायच्या वेळी, माघ-फाल्गुनात, दिवस-रात्र ऊब जास्त राहिली की गहू घाईने पिकतो. दाणा भरायला दिवस कमी मिळतात. दाणा बारीक राहतो आणि उतारा घटतो. उशिरा पेरलेला गहू या उन्हाच्या तडाख्यात हमखास सापडतो.

वरची जाळी

आता दुसरी गोष्ट.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागात मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट शेडनेटमध्ये असतात. शेडनेटची जाळी काय करते ते आमच्या वर्गातल्या बायांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. ती उन्हाचा काही भाग वरच्या वर अडवते. जाळी फाटली की तेवढ्या जागी कडक ऊन पिकावर पडते.

पृथ्वीवरही अशी एक जाळी आहे. तिचे नाव ओझोन. ओझोन हा प्राणवायूचाच भाऊ. प्राणवायूचे कण दोन-दोनाच्या जोडीने असतात. ओझोनमध्ये ते तीन-तीन असतात. हा वायू मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर पसरलेला आहे. माणूस चार-पाच तास चालून जेवढे अंतर तोडील, तेवढे सरळ वर. आणि तो आहे किती? सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला तर थर जेमतेम ३ मिलिमीटर होईल. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढीच जाडी.

हा ओझोन सगळे ऊन अडवत नाही. उन्हात एक फार तिखट भाग असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि तो ऊबही फारशी देत नाही. त्याला अतिनील किरण म्हणतात. तो भाग कातडी जाळतो, कातडीचा कर्करोग करू शकतो, डोळ्यांत मोतीबिंदू वाढवू शकतो आणि पिकांच्या पानांनाही इजा करतो. ओझोन त्या तिखट भागातला बहुतेक वाटा वरच्या वर शोषून घेतो. उरलेले ऊन खाली येऊ देतो. पिठातला कोंडा चाळणीने अडावा, तसे हे आहे.

पुण्याहून हवामान खाते यंत्र बांधलेले फुगे वर सोडते आणि कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे ते मोजते.

जाळी कुणी फाडली

गेल्या शतकात फ्रीजमध्ये, वातानुकूलन यंत्रांत आणि फवारणीच्या डब्यांत एक नवा वायू भरू लागले. त्याचे नाव सीएफसी. तो पेटत नाही, वास येत नाही, विषारी नाही. लोकांना तो फार सोयीचा वाटला. फ्रीज गळला किंवा मोडीत निघाला की हा वायू हवेत जाई.

१९७४ साली अमेरिकेत मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी इशारा दिला. हा वायू खाली कशानेच मोडत नाही, म्हणून तो काही वर्षांत हळूहळू ओझोनच्या थरापर्यंत चढतो. तिथे तिखट किरण त्याला तोडतात आणि त्यातला क्लोरीन सुटा होतो. क्लोरीनचा एक कण ओझोनचे हजारो कण मोडतो आणि आपण शाबूत राहतो. घुशीने कणगी पोखरावी, तसे ते काम चालते.

१९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ खंडावरून मोजमाप जाहीर केले. तिथला वसंत ऋतू आला की वरचा ओझोन पूर्वीच्या मानाने फार कमी होऊ लागला होता. यालाच लोक ओझोनचे भोक म्हणू लागले.

भोक हा शब्दही फसवा आहे. मडक्याला भोक पडते तसे ते आरपार नसते. तिथे ओझोन निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून विरळ होतो. आणि ते बारा महिने नसते. ध्रुवावर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. वरची हवा इतकी गारठते की तिथे बर्फाचे विरळ ढग बनतात. त्या ढगांवर क्लोरीन कामाला तयार होऊन बसतो. सप्टेंबरात सूर्य उगवला की तो ओझोन मोडू लागतो. डिसेंबरापर्यंत दुसरीकडची हवा येते आणि ते भोक भरते. पुढच्या साली पुन्हा तेच.

असे भोक आपल्या बुलढाण्यावर नाही. भारतावरही नाही. आपल्याकडे वरची हवा तशी गारठत नाही. आमच्या वर्गातल्या एका म्हातारबांना वाटत होते की आपला मोतीबिंदू ओझोनच्या भोकाने झाला. तसे नव्हे. आपल्या देशात ऊन मुळातच कडक आहे आणि वयाबरोबर मोतीबिंदू होतोच. उन्हात डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा उपरणे असावे, ते या आपल्या नेहमीच्या उन्हासाठी. मोतीबिंदू झालाच तर डॉक्टरकडून काढून घ्यावा. ध्रुवावरच्या भोकाची वाट पाहू नये.

मग ऊन भोकातून येते का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. भोकातून जास्तीचे ऊन येते आणि त्याने पृथ्वी तापते, हे खरे का?

खरे नाही. तीन गोष्टींवरून ते कळते.

पहिली गोष्ट. ओझोन अडवतो तो उन्हाचा अगदी लहानसा भाग आहे. तो तिखट आहे, पण उष्णतेने थोडा आहे. मिरची जिभेला पोळते, म्हणून तिच्यावर पाणी तापत नाही. तसेच हे. उलट, ओझोन स्वतःही थोडी धग अडवतो. त्यामुळे वरचा ओझोन कमी झाल्याने पृथ्वीची ऊब अगदी किंचित कमीच होते.

दुसरी गोष्ट. जास्तीचे ऊन हे कारण असते, तर तापायला हवे होते दिवसा. रात्री सूर्यच नसतो, तर भोकातून येणार काय? पण गेल्या पन्नास-साठ वर्षांचे जगाचे मोजमाप पाहिले तर रात्रीही तापल्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी दिवसांहून जास्त. रात्री ऊब वाढणे ही गोधडीची खूण आहे.

तिसरी गोष्ट. भोक दक्षिण ध्रुवावर, आणि तेही दोन-तीन महिने. तापमान मात्र साऱ्या जगात आणि बारा महिने वाढले आहे. सर्वांत जलद वाढले ते उत्तर ध्रुवाकडे, म्हणजे भोकाच्या दुसऱ्या टोकाला.

तेव्हा असे ध्यानात ठेवावे. ओझोन ही वरून येणाऱ्याला अडवणारी जाळी. ती फाटली तर तिखट किरण आत येतात. हरितगृह वायू ही खालून जाणाऱ्याला अडवणारी गोधडी. ती जाड झाली तर ऊब आत राहते. जाळीचे दुखणे विरळ होण्याचे, गोधडीचे दुखणे जाड होण्याचे. फाटकी जाळी शिवली म्हणून जाड गोधडी पातळ होत नाही.

दोघांची एक गाठ

पण दोन्ही गोष्टी अगदीच सुट्या आहेत असेही नाही. एक गाठ आहे, आणि ती एका भारतीय माणसाने दाखवली.

वीरभद्रन रामनाथन हे दक्षिणेतले. तरुणपणी ते सिकंदराबादला फ्रीजच्या कारखान्यात होते. फ्रीजमधला गॅस गळतो कसा, ते पाहण्याचे त्यांचे काम होते. पुढे ते अमेरिकेला गेले. १९७५ साली त्यांनी हिशेब मांडून दाखवले की सीएफसी वायू नुसता ओझोन मोडत नाही, तो धगही अडवतो. आणि कर्बवायूच्या मानाने, वजनाला वजन, हजारो पटींनी जास्त अडवतो. म्हणजे जाळी फाडणारा तोच वायू गोधडीलाही पदर लावत होता.

१९८७ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी देशांनी करार केला. सीएफसी हळूहळू बंद करायचे ठरले. भारत १९९२ साली त्यात आला आणि २०१० पर्यंत आपल्याकडेही त्याचा वापर, दम्याच्या फवाऱ्यासारखा थोडा अपवाद सोडता, थांबला. वरचा जुना साठा विरायला वेळ लागतो. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने दक्षिण ध्रुवावरचा ओझोन १९८० सालच्या पातळीवर यायला २०६६ च्या आसपासचे साल उजाडेल. आमच्या वर्गाने वाचलेली बातमी याच भरून येण्याची होती. बातमी खरी होती.

पण पुढे काय झाले ते ऐका. सीएफसीच्या जागी एचएफसी नावाचे वायू आले. ते ओझोनला मुळीच धक्का लावत नाहीत. जाळी वाचली. पण तेही धग जोरात अडवतात. गोधडीला पदर लागतच राहिला. म्हणून २०१६ साली किगाली शहरी देशांना पुन्हा बसावे लागले आणि एचएफसी कमी करायचे ठरवावे लागले. जाळी आणि गोधडी एकच असती, तर हा दुसरा करार करावाच लागला नसता.

आणि कर्बवायू? सीएफसी थोड्या कारखान्यांत होत असे आणि त्याला दुसरा वायू मिळाला. म्हणून ते काम जमले. कर्बवायू तर वीज, मोटार, ट्रॅक्टर, सिमेंट साऱ्यांतून निघतो. त्याला पर्याय काढणे लांबचे आणि खर्चाचे काम आहे. शिवाय आजवर हवेत गेलेल्या कर्बवायूचा मोठा वाटा श्रीमंत देशांतून गेला. ऊन मात्र आपल्या गव्हावरही पडते.

त्या शेतकऱ्याने काय केले

हे सारे ऐकून बातमी वाचणारा शेतकरी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे गुरुजी, भोक बुजलं तरी माझ्या गव्हाला त्याचा काही उपेग नाही."

आम्ही म्हणालो, "भोक बुजणे चांगलेच आहे. पण तुमच्या गव्हाला नाही. तुमचा गहू गोधडीखाली आहे."

आम्ही त्याला असेही सांगितले की एका सालच्या पिकावरून गोधडीला दोष देऊ नये. एखादे साल तसेही गरम जाते. एका वर्षाची गारपीट किंवा एक कडक फाल्गुन हा पुरावा होत नाही. तीस-चाळीस वर्षांचे आकडे एकत्र पाहावे, तेव्हा चढ दिसतो. तो चढ आता दिसला आहे, आणि तो ध्रुवावरच्या बातमीने उतरणार नाही.

मग त्यानेच हिशेब काढला. कपाशी उपटून गहू पेरायला त्याला दरसाल डिसेंबर उजाडतो. गव्हाचा बागायती पेरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाला, तर दाणा उन्हाच्या आधी भरतो. सगळ्या शेतात ते जमणार नाही. पण सोयाबीन निघालेले एक एकर रान लवकर मोकळे होते. तिथे वेळेवर गहू आणि कपाशीच्या रानात गहू नाही, असे त्याने ठरवले. चूक समजुतीवर तो आणखी पाच-दहा वर्षे उशिराचा पेरा करीत राहिला असता आणि ऊन कमी होण्याची वाट पाहत बसला असता.

वर्ग सुटला तेव्हा आभाळ स्वच्छ होते, चांदण्या लख्ख होत्या. जाता जाता एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, आज वर गोधडी पातळ हाये. सकाळी थंडी पडंल." आणि पहाटे खरोखरच कडाक्याची थंडी पडली.

वाचून उत्तरे द्या

१. ढगाळ रात्री थंडी कमी का वाटते?
२. १० लिटर डिझेलमधून त्याच्या वजनाहून जास्त कर्बवायू कसा निघतो?
३. ओझोन उन्हाचा कोणता भाग अडवतो?
४. ओझोनचे भोक भरले तरी पृथ्वीचे तापणे का थांबणार नाही? आपल्या शब्दांत शेजाऱ्याला समजावून सांगा.